दीड अंश कुणाला कळतो? हवामान बदल गावाच्या पावसातून मांडण्याची पद्धत

लातूर जिल्ह्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी मी हवामान बदलावर बोलण्यासाठी गेलो होतो. माझ्याकडे वितळणाऱ्या हिमनद्यांची छायाचित्रे होती, जगाच्या सरासरी तापमानाचा चढता आलेख होता आणि जगाची सरासरी तापमानवाढ दीड अंशाच्या आत रोखण्याचे महत्त्व सांगणारी पाच-सहा वाक्ये पाठ होती. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी मागे बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, "सर, सकाळी न्याहारीला आणि दुपारी जेवायला बसताना पंधरा-वीस अंशांचा फरक असतो. त्यात तुमच्या दीड अंशाचं काय?" मी सरासरी आणि रोजचे तापमान यांतील फरक समजावण्याचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत मंडळी चपला शोधू लागली होती.

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्या माणसाने आयुष्यभर ज्या एककांत हवामान मोजले होते, त्यांपैकी एकही माझ्या मांडणीत नव्हते. हा लेख सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यातील गावात, ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात, चाळीस-पन्नास मिनिटांची मांडणी कशी तयार करावी याबद्दल आहे. कृषी सहायक, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते आणि कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. भात, द्राक्ष किंवा आंबा असलेल्या भागात पीक आणि आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

दूरचे धोके धूसर का वाटतात

याकोव ट्रोप आणि निरा लिबरमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार एखादी गोष्ट मनापासून चार प्रकारे दूर असू शकते. ती काळाने दूर असते, ठिकाणाने दूर असते, 'आपल्या' नसलेल्या माणसांबाबत असते किंवा ती घडेलच याची खात्री नसते. जितके अंतर अधिक, तितका मनुष्य त्या गोष्टीचा विचार ढोबळ आणि तात्त्विक पातळीवर करतो. अंतर कमी झाले की तो तपशिलात, म्हणजे काय करायचे, कधी करायचे आणि किती खर्च येईल, या भाषेत विचार करू लागतो. 'इ.स. 2100 पर्यंत किनारपट्टीवरील कोट्यवधी लोकांना फटका बसण्याची शक्यता आहे' या एका वाक्यात ही चारही अंतरे एकदम येतात. लातूरच्या माणसाला ते खोटे वाटत नाही, पण त्याच्या हाताला धरण्यासारखे त्यात काही सापडत नाही.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा की विषय जवळ आणावा, म्हणजे काळजी वाटेल. हे अर्धेच खरे आहे. एड्रियन ब्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा केवळ परिणाम जवळचे दाखवल्याने लोकांची काळजी किंवा कृती हमखास वाढते असे त्यांना आढळले नाही. जवळ आणलेले संकट टाळता येण्यासारखे नसेल तर माणूस नजर फिरवतो. म्हणून गावाचे नाव आलेखावर लिहिले की झाले, असे समजू नये. मांडणी माणसाच्या एखाद्या नेहमीच्या निर्णयापर्यंत पोहोचली, तरच ती जवळची ठरते. पुढील सगळी खटपट त्यासाठी आहे.

पहिली पायरी: एक-दोनच नुकसानी निवडा

दुष्काळ, गारपीट, उष्णता, कीड आणि पाणीटंचाई यांची एकत्र यादी केली की ऐकणाऱ्याच्या हाती 'सगळेच बिघडले आहे' एवढेच उरते. त्याऐवजी पिकाच्या आयुष्यातील एक-दोन नाजूक जागा घ्याव्यात. सोयाबीनचे वाण साधारण 95 ते 105 दिवसांत येते. जूनअखेर पेरलेले पीक ऑगस्टमध्ये फुलावर आणि शेंगांवर असते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढणीला येते. शेंगा भरताना पावसाचा मोठा खंड पडला तर दाणा बारीक राहतो. काढणीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर शेंगेतच कोंब फुटतात किंवा शेतात लावलेली गंजी खालून काळी पडते. ऑगस्टमधला खंड आणि काढणीतला पाऊस, या दोनच गोष्टींवर पूर्ण बैठक उभी राहू शकते.

दुसरी पायरी: आधी ऐका, पण स्मृतीला खुंटी द्या

बैठकीच्या आठवडाभर आधी गावातील सात-आठ जणांशी स्वतंत्रपणे बोलावे. त्यांत दोन वयस्कर शेतकरी, दोन तरुण, शेतात मजुरीला जाणाऱ्या दोन स्त्रिया आणि मळणीयंत्र चालवणारा एखादा माणूस असावा. काढणीचे दिवस कसे पुढे-मागे सरकले हे मळणीयंत्रवाल्याला फार चांगले ठाऊक असते, कारण त्याची कमाई त्यावर असते.

'पूर्वी पाऊस कसा होता?' असे विचारू नये. त्या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते: पूर्वी पाऊस भरपूर होता आणि माणसेही चांगली होती. प्रश्नाला काळाची खुंटी हवी. या भागात 1972 चा दुष्काळ, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आणि लातूरला रेल्वेने पाणी आले तो 2016 चा उन्हाळा, अशा तीन खुंट्या प्रौढ माणसांच्या मनात पक्क्या असतात. 'भूकंपाच्या आधी आपल्याकडे पेरणी कोणत्या नक्षत्रात व्हायची?', 'रेल्वेने पाणी आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात काय झालं?' असे विचारले की उत्तरे नेमकी होतात. नक्षत्रांची नावे वापरण्यात संकोच नसावा. मृग साधारण 7-8 जूनला, मघा 16-17 ऑगस्टला आणि हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास लागते. ही सूर्याच्या गतीवर आधारलेली पक्की दिनदर्शिका आहे. नक्षत्राच्या वाहनावरून पावसाचे भाकीत करण्याच्या प्रथेवर मात्र वाद घालू नये. तो वाद जिंकला तरी बैठक हातची जाते.

स्मृतीवर पूर्ण भिस्त ठेवू नये, याचेही कारण आहे. अमेरिकेतील ट्विटर संदेशांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की असाधारण तापमान लोकांना काही वर्षांतच नेहमीचे वाटू लागते. 'नेहमीचे' ठरवण्यासाठी ते साधारण मागील दोन ते आठ वर्षांकडे पाहतात. वीस वर्षांच्या मुलाला आजचा पावसाळा बिघडलेला वाटतच नाही, कारण त्याने दुसरा पाहिलेला नसतो. स्मृतीतून प्रश्न घ्यावा आणि उत्तर नोंदीत शोधावे.

तिसरी पायरी: नोंदी आणा आणि त्यांची जात ओळखा

सर्वाधिक चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

पाऊस किती स्थानिक असतो याची मराठी माणसाला माहीत असलेली मोठी साक्ष म्हणजे 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74. तेव्हा जिल्ह्याची सरासरी गावात नेऊन दाखवणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगावर मापलेला सदरा आपल्याला घालणे होय. आपल्याला महसूल मंडळाची दैनिक नोंद हवी. राज्य कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. अनेक दशकांचा काळ हवा असेल तर भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली चौकटवार नोंद 1901 पासून उपलब्ध आहे. तिच्यात पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या, म्हणजे सुमारे 25 ते 28 किलोमीटर बाजूच्या चौकटीचा पाऊस दिलेला असतो.

आता धोका लक्षात घ्यावा. चौकटीचा आकडा आजूबाजूच्या अनेक पर्जन्यमापकांवरून काढलेला असल्यामुळे त्यात एका ठिकाणचा मुसळधार पाऊस पसरून बोथट होतो. मंडळाचा आकडा एका मापकाचा असल्यामुळे त्यात तो पूर्ण उतरतो. जुनी वर्षे चौकटीतून आणि अलीकडची वर्षे मंडळातून घेऊन एकच आलेख काढला, तर जोडाच्या वर्षापासून जोराचा पाऊस अचानक वाढलेला दिसेल. ही वाढ हवामानाची नसून मापाची आहे. आलेखात एखाद्याच वर्षी पायरीसारखी उडी दिसली तर आधी नोंदीचा स्रोत, मापकाची जागा किंवा मापकाचा प्रकार त्या वर्षी बदलला का, हे तपासावे. खरा बदल सहसा असा एका रात्रीत पायरी चढत नाही.

तारखेचीही एक खोच आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागील चोवीस तासांचा असतो. 22 तारखेच्या रात्री पडलेला पाऊस 23 तारखेच्या नोंदीत दिसतो. हे आधी सांगितले नाही तर 'आमच्याकडे बावीसला ढगफुटी झाली आणि तुमच्या कागदावर शून्य' असे कुणीतरी उठून म्हणते आणि संपूर्ण तक्त्यावरचा विश्वास उडतो.

चौथी पायरी: सरासरी मोडा आणि दिवस मोजा

हंगामाची एकूण बेरीज शेतकऱ्याच्या कामाची नसते. पीक सरासरीवर जगत नाही, ते एकेका दिवसावर आणि दोन पावसांमधल्या अंतरावर जगते. म्हणून जून ते सप्टेंबर या 122 दिवसांतून तीनच गोष्टी काढाव्यात: पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड आणि 65 मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे दिवस. 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर हवामान विभाग तो पावसाचा दिवस मानतो. 65 चा आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हे पंचनाम्यामुळे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. एकही नवीन संज्ञा शिकवावी लागत नाही.

तक्त्यात अ स्तंभात तारीख आणि ब स्तंभात पाऊस भरला, तर पुढील सूत्रे पुरेशी आहेत. पहिले सूत्र पावसाचे दिवस मोजते आणि दुसरे अतिवृष्टीचे. त्यापुढील दोन `C2` आणि `C3` या घरांत लिहावीत आणि `C3` मधील सूत्र `C123` पर्यंत ओढावे. शेवटचे सूत्र सर्वांत मोठा खंड सांगते.

```
=COUNTIF(B2:B123,">=2.5")
=COUNTIF(B2:B123,">=65")
=IF(B2<2.5,1,0)
=IF(B3<2.5,C2+1,0)
=MAX(C2:C123)
```

रिकामी घरे आधी तपासावीत. नोंद नसलेला दिवस तक्ता शून्य पाऊस समजतो आणि मग बिघडलेल्या यंत्रामुळे पंचवीस दिवसांचा खोटा खंड तयार होतो. शेजारच्या मंडळांत पाऊस असताना आपल्याकडे सलग शून्य दिसले, तर तो खंड मोजणीतून वगळावा.

आता हे लोकांसमोर कसे ठेवायचे ते पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही मंडळाचे नाहीत. समजा, एका वर्षी चार महिन्यांत 700 मिलिमीटर पाऊस 45 दिवसांत पडला, सर्वांत मोठा खंड 9 दिवसांचा होता आणि अतिवृष्टी एकदाही झाली नाही. दुसऱ्या वर्षीही 700 मिलिमीटरच पडला, पण 31 दिवसांत. मघा नक्षत्राच्या सुमारास 22 दिवस उघडीप राहिली आणि सप्टेंबरच्या अखेरीस दोन दिवसांत 75 आणि 95 मिलिमीटर कोसळला. कागदोपत्री दोन्ही वर्षे सारखीच. हे दोन पावसाळे कापडी पट्टीवर दिवसागणिक चौकोन आखून दाखवावेत: पावसाचा दिवस निळा, कोरडा पांढरा, अतिवृष्टीचा लाल, आणि पट्टीच्या वर नक्षत्रांची नावे. मग एकच प्रश्न विचारावा: 'यांपैकी कोणत्या वर्षी तुमच्या घरात पैसा आला असता?' उत्तर लोकच देतात आणि कारणेही तेच सांगतात. त्यानंतर आपल्या मंडळाच्या खऱ्या पट्ट्या एकाखाली एक उलगडाव्यात. 2023 ची पट्टी अवश्य घ्यावी, कारण देशपातळीवर त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपल्या मंडळात तो तसाच होता का, हे लोक स्वतः शोधतात.

पाचवी पायरी: जगाशी जोडणारे वाक्य तोलून लिहा

येथवर आपण पावसाबद्दल बोललो, हवामान बदलाबद्दल नव्हे. दोहोंना जोडणारे वाक्य आधी लिहून, वाचून आणि दुरुस्त करून न्यावे, कारण ऐन वेळी तोंडातून 'हे सगळं तापमानवाढीमुळेच' असे निघून जाते.

एका मंडळाच्या तीस वर्षांच्या नोंदीत अतिवृष्टीचे दिवस इतके थोडे असतात की त्यावरून कल सिद्ध होत नाही. वर्षाला एखाददुसरा दिवस असेल, तर शून्य, तीन, एक, शून्य, दोन अशी उडी निव्वळ योगायोगानेही दिसते. कल मोठ्या प्रदेशावरून कळतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या मूल्यमापन अहवालानुसार 1951 ते 1980 या काळाच्या तुलनेत 1981 ते 2011 या काळात भारतात पावसाळ्यातील कोरड्या खंडांची वारंवारता 27 टक्क्यांनी वाढली. मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. हे आकडे विस्तीर्ण प्रदेशाचे आहेत, लातूर जिल्ह्याचे नव्हेत, हे त्याच दमात सांगावे. कारण एका वाक्यात येते: हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, म्हणून ती ओलावा साठवते अधिक काळ आणि सोडते एकदम.

आता जोडवाक्य असे होते: 'आपल्या मंडळातला हा एक पावसाळा तापमानवाढीने घडवला असे मी म्हणत नाही, पण देशभरातल्या नोंदी सांगतात की अशा खंडांची आणि अशा मुसळधार दिवसांची संख्या वाढत आहे, आणि असा दिवस आपल्या शिवारात आला तर काय होते, ते या पट्टीवर दिसते आहे.' स्थानिक नोंद परिणामाचे चित्र देते आणि प्रादेशिक नोंद कल सांगते. या दोन कामांची अदलाबदल केली की मांडणी उलटते: पुढचा पावसाळा छान, संथ झाला की लोक विचारतात, आता कुठे गेला तुमचा हवामान बदल? मंडळाच्या नोंदीत कल दिसत नसेल तर तसे उघड सांगावे. सोयीची पाच वर्षे निवडून दाखवणाऱ्याला गावातील एखादा माध्यमिक शिक्षक हमखास पकडतो, आणि पकडलेच पाहिजे.

येथेच तो दीड अंशही सांगता येतो. 'सरासरीतला दीड अंश म्हणजे पट्टीवरचे लाल चौकोन आणि लांबलेले पांढरे' एवढे म्हटले तरी ते आता कळते, कारण चौकोन म्हणजे काय हे लोकांनी आधी पाहिलेले असते.

सहावी पायरी: निर्णयावर आणून सोडा

बैठकीचा उरलेला वेळ, म्हणजे किमान पंधरा मिनिटे, या हंगामात बदलता येणाऱ्या दोन-तीन कामांना द्यावा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी न करणे हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला आहे; पट्टीवर जूनमधला पहिला निळा आणि त्यानंतरचा पांढरा पट्टा दाखवला की दुबार पेरणी कुणाच्या वाट्याला आली ते आठवते आणि सल्ल्याचे कारण कळते. रुंद वरंबा सरी पद्धतीत सरी खंडात ओल धरते आणि जोराच्या पावसात पाणी बाहेर काढते, म्हणजे दोन्ही नुकसानींवर एकच उपाय लागू पडतो. अशी पेरणी करणारे यंत्र गावात नसेल तर ठरावीक ओळींनंतर चर काढण्याचा पर्याय आहे. काढणीसाठी कमी-अधिक दिवसांची दोन वाणे थोडी-थोडी पेरणे आणि मळणीपर्यंत गंजी झाकण्यासाठी ताडपत्रीची सोय आधीच करणे, एवढे पुरते. भारी जमिनीत पाणी साचत असेल तर चर आधी, हलक्या जमिनीत खंडाची काळजी आधी, हा फरक सांगावा. सगळ्यांना एकच सल्ला दिला की तो कुणाचाच राहत नाही.

एका गोष्टीची तयारी ठेवावी. 65 चा आकडा काढला की विमा आणि नुकसानभरपाई हा विषय निघतोच. 'मापक सात किलोमीटरवर, पाऊस माझ्या रानात. मग मला पैसे का नाहीत?' ही तक्रार बहुधा रास्त असते आणि तिच्यासमोर हवामानशास्त्र फिके पडते. तिला दडपू नये. सुरुवातीलाच सांगावे की हा तक्ता पंचनाम्याचा नाही आणि शेवटची दहा मिनिटे विम्यासाठी राखून ठेवली आहेत. त्या वेळी पीक विम्याचे चालू हंगामातील नियम समजावून सांगावेत. मी एकदा हे केले नाही आणि उरलेला तास मला विमा कंपनीचा माणूस समजून लोक माझ्याशी भांडत राहिले.

भीतीबद्दलही थोडे. ज्याची गंजी काळी पडली आहे त्याला नासाडीची छायाचित्रे दाखवून काही नवीन सांगितले जात नाही, केवळ त्याची जखम सभेत उघडी पडते. कोंब फुटलेल्या शेंगा दाखवायच्याच असतील तर पुढच्याच क्षणी चर काढलेले शेत दाखवावे.

समजले की नाही, हे कसे ओळखायचे

टाळ्या किंवा 'छान माहिती दिली' हे मोजमाप धरू नये. बैठकीआधी आणि दोन आठवड्यांनी त्याच दहा-बारा जणांना एकच प्रश्न विचारावा: 'येत्या दहा वर्षांपैकी किती वर्षांत सोयाबीन काढणीला असताना जोराचा पाऊस येईल असे वाटते, आणि त्या दृष्टीने यंदा काय वेगळे करणार?' पहिल्या भागाचे उत्तर सगळ्यांचे 'दहाच्या दहा' झाले असेल तर आपण घाबरवले आहे, समजावलेले नाही. ते मंडळाच्या पट्ट्यांवर दिसलेल्या संख्येच्या आसपास किंवा थोडे वर असावे. दुसऱ्या भागात 'सरकारने काहीतरी करावे' एवढेच आले, तर सहावी पायरी कच्ची राहिली. बैठकीला न आलेल्या एखाद्या शेजाऱ्यालाही विचारावे की तेथे काय झाले. 'पाऊस तेवढाच आहे, पण दिवस कमी झालेत' असे काही तो म्हणाला, तर वाक्य गावात फिरू लागले आहे.

पट्ट्या परत नेऊ नयेत. चालू वर्षाची कोरी पट्टी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी आणि साध्या नळीच्या पर्जन्यमापकावरून मुलांनी रोज सकाळी साडेआठला एक चौकोन रंगवावा. मापक झाडाखाली किंवा छपराच्या वळचणीला लावलेला नाही ना, हे स्वतः पाहून घ्यावे; आमच्या एका शाळेत तो पन्हाळीच्या खाली टांगला होता आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात पट्टीवर सलग चार लाल चौकोन आले होते.